पाण्याच्या बाटलीला चित्र नाही

पालक प्रतिनिधी म्हणून माझं नाव निघालं तेव्हा "छे छे, मला कुठे वेळ!" असं मी तीनदा म्हणालो. चौथ्यांदा कुणी आग्रह करेना, तेव्हा घाईघाईने हो म्हणून टाकलं.

पाचवीची सहल, पुण्याहून ताम्हिणी घाटातून रायगड, एक मुक्काम. सामानाची यादी वर्गाच्या ग्रुपवर टाकायची होती. बाईंनी ती वहीच्या पानावर सलग लिहून दिली होती: टॉवेल, ब्रश, स्वेटर, स्वल्पविराम देत देत पार शेवटपर्यंत. मी बँकेत परिपत्रकं लिहितो. गेली वीस वर्षं लिहितोय आणि ती कुणीही वाचत नाही. इथे मात्र बेचाळीस घरांतले वाचक हातात फोन घेऊन वाट बघत होते. असा योग लेखकाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही.

"बाई, मी जरा सजवून टाकू का?"

"सजवू नका, समजेल अशी टाका," बाई म्हणाल्या. त्यातला 'सजवू' तेवढा मी ऐकला.

रात्री दोन तास बसलो. वस्तू सव्वीस, प्रत्येकीला एक इमोजी. शब्द मुद्दामच गाळले. चित्र बोलत असताना आपण मध्ये का बोलावं? मथळ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन चांदण्या ✨. हवंच ते लाल ठिपक्याने 🔴, असलं तर बरं ते हिरव्या ठिपक्याने 🟢. बायकोने एकदा डोकावून "यादी आहे की लग्नपत्रिका?" असं विचारलं. कौतुक समजून मी गप्प राहिलो.

गाडी अडली ती पाण्याच्या बाटलीपाशी. वाचकहो, पाण्याच्या बाटलीचं इमोजी नाही! जगातलं प्रत्येक पोर शाळेत जी वस्तू नेतं आणि दर महिन्याला हरवून येतं, तिला चित्र नाही. बाळाची दुधाची बाटली आहे 🍼. बूच उडालेली शॅम्पेनची आहे 🍾. म्हणजे माणूस पाळण्यातून थेट पार्टीत जातो, मधली पाचवी-सहावी नाहीच. थेंब आहे 💧, पण तो रडण्याचाही असू शकतो. नळ आहे 🚰, पण तो दप्तरात बसत नाही. मी बारापर्यंत शोधत होतो. सोरटीसोमनाथाचं देऊळ शोधावं तशा भक्तीने. हो, देऊळ आहे 🛕. बाटली नाही. जपानी पेटीतलं जेवण आहे 🍱, त्याला आपण डबा म्हणून चालवून घेतो. त्या न्यायाने अखेर एक पांढरी, पंपाची बाटली सापडली 🧴. ही चालेल, म्हटलं. बाटली ती बाटली.

मग सकाळी उजाडलं.

पहिला निरोप: "दादा, खोबरेल तेल किती द्यायचं?" दुसरा: "सनस्क्रीन शाळा देणार की आपण?" तिसऱ्या आईने हात धुवायचा साबण समजून रिफिलसकट आणला होता. त्या चित्राचं अधिकृत नावच मुळी लोशन बॉटल असं आहे, हे मला तेव्हा कळलं. चादरीचं चित्र मला सापडलं नव्हतं म्हणून मी पलंग टाकला होता 🛏️. त्यावर एका वडिलांनी "मुक्कामी कॉट नाहीत का?" असं विचारलं आणि पुढचा अर्धा तास ग्रुप सहलीच्या फीवर भांडला.

एका आजोबांचा फोन आला. यादीत अधूनमधून रिकाम्या चौकटी दिसतात, त्यात बरोबरची खूण करायची का? त्यांचा फोन जुना. दात घासायचा ब्रश 🪥 आणि चपला 🩴 ही चित्रं 2020 सालच्या संचात आली. त्याआधीचा फोन अद्ययावत केलेला नसेल तर त्या जागी नुसती चौकट उमटते. आजोबांनी शाळेसमोरच्या दुकानात यादीची प्रिंट काढून घेतली, काळी-पांढरी. त्यात लाल आणि हिरवा ठिपका दोन्ही सारखेच काळे. परिणामी नातवासाठी सव्वीसच्या सव्वीस वस्तू 'हवंच' ठरल्या आणि बॅग उचलायला आजोबा लागले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. नंतर एक आवाजी निरोप आला. वर्गातल्या एका मुलीचे वडील, त्यांना दिसत नाही. फोन त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. आवाजात तक्रार नव्हती, उलट संकोचच होता.

"दादा, तुमची यादी ऐकली. सुरुवातीला स्पार्कल्स, स्पार्कल्स, स्पार्कल्स येतं. मग रेड सर्कल, लोशन बॉटल. रेड सर्कल, बेड. पुढे शब्दच नाहीत हो. लेकीची बॅग दरवेळी मीच भरतो, म्हणून विचारलं."

मी तो निरोप दोनदा ऐकला. मग माझ्याच फोनात ती सोय चालू करून यादी लावली आणि डोळे मिटून बसलो. तिसऱ्या ओळीलाच मला बंद करावीशी वाटली. हा माणूस ती शेवटपर्यंत ऐकून वर संकोचला होता. वीस वर्षांच्या परिपत्रकांबद्दलही त्या क्षणी मला थोडं खरं खरं कळलं.

नवी यादी अर्ध्या तासात झाली. इमोजी फक्त पाच, सगळी 2010 च्या संचातली, म्हणजे आजोबांच्या फोनातही दिसणारी. एकेक चित्र एका गटाच्या डोक्यावर, एकदाच. वस्तू शब्दांत, नगासकट. रंगावर काहीच सोपवलं नाही. ऐच्छिक असेल तिथे 'ऐच्छिक' असं लिहिलं.

🎒 बॅग: पाठीवरची एकच, मुलाला स्वतः उचलता येईल अशी. पाण्याची बाटली 1 लिटर, नाव घालून. चादर 1, टॉवेल 1, ब्रश-पेस्ट.
👕 कपडे: गणवेश अंगावर, बदली जोड 1, स्वेटर 1, मोजे 2 जोड. टोपी ऐच्छिक.
🍱 डबा: पहिल्या दिवसाचा, कोरडा. दशमी-चटणी चालेल, रस्सा नको.
💊 औषध: घाट लागत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घरून निघण्याआधीच. इतर औषधं बॅगेत न ठेवता, नाव आणि वेळ लिहून बाईंच्या हातात. उलटीसाठी पिशव्या 2, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात.
🚫 नको: मोबाइल, दागिने, 100 रुपयांपेक्षा जास्त पैसे.

उलटीच्या पिशवीशेजारी हिरव्या तोंडाचा चेहरा 🤢 टाकायला बोट शिवशिवत होतं. आवरलं. पाठवण्याआधी यादी एकदा डोळे मिटून ऐकली. प्रत्येक गटाआधी चित्राचं नाव येत होतं, पण लगेच मागून शब्द येऊन सावरून घेत होता.

दहा मिनिटांत त्या वडिलांचा निरोप आला.

"मिळाली. एकदा ऐकून बॅग भरली पण. मोजे तेवढे लेकीने शोधले." थोडं थांबून म्हणाले, "फक्त शेवटी, तुमच्या नावापुढे, एक स्पार्कल्स राहिलंय."