५८ म्हणजे नापास नव्हे, नाना

लीड्स, फेब्रुवारी

तीर्थस्वरूप नाना आणि सौ. वहिनी,

परवा फोनवर चिरंजीवांच्या पहिल्या निबंधाचे गुण ऐकून "५८? तिथं जाऊन हेच करू राहिला का तो?" एवढं म्हणून तुम्ही फोन वहिनींच्या हातात दिलात. वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि माझं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सावद्याच्या स्टँडवर बातमी पोचली नसेल तर तिथेच अडवा, आणि पोचली असेल तर हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा.

आधी गुणांचा हिशेब. आपल्याकडे ६० ला फर्स्ट क्लास आणि ७५ ला डिस्टिंक्शन, म्हणून ५८ ऐकलं की माणूस आधी पोराच्या मित्रांची नावं विचारतो. इथे एम.एस्सी.ला साधारण ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. पट्टी कागदावर १०० पर्यंत असते, पण निबंधाला ८० च्या वर गुण क्वचितच पडतात. म्हणजे चिरंजीव मेरिटपासून दोन गुण लांब आहेत. पेढे वाटू नका, पण सुतकही पाळू नका.

तुम्ही रिचेकिंगचा फॉर्म भरायला सांगितलंत. आपल्याकडे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून पुनर्मूल्यांकनाला टाकता येते, तसं इथे होत नाही. बेरीज चुकली किंवा कामकाजात गडबड झाली तर दाद मागता येते, पण "मला जास्त गुण मिळायला हवे होते" हे कारण चालत नाही. निबंध बहुतेक ठिकाणी नाव झाकून तपासतात. त्यांतले काही दुसरा शिक्षक पाहतो, आणि त्यावर बाहेरच्या विद्यापीठाच्या परीक्षकाची नजर असते. त्यामुळे पहिल्या पानावर श्री लिहून, अक्षर वळणदार काढून किंवा तपासणाऱ्याच्या ओळखीचं कोणी गाठून काही साधत नाही. अक्षराचा तर प्रश्नच नाही, सगळं टाइप केलेलं.

मग राहतं एकच, ट्यूटरबाईंना विचारायचं. चिरंजीवांनी ईमेल लिहायला घेतला. पहिला खर्डा "रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन" असा सुरू झाला. पुढे रावेर तालुका, केळीचे पडलेले भाव, तुमचं गुडघ्याचं दुखणं आणि शेवटी "काइंडली डू द नीडफुल". यांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाबा रे, नीडफुल काय ते दुसऱ्या पानावर कळतं. बाई तिथवर पोचेपर्यंत रिटायर होतील." गुडघा कापला तेव्हा पोरगं जरा हळहळलं. मला मात्र तो ठेवावासा वाटत होता. निदान कोणी तरी तुमची चौकशी केली असती.

शेवटी गेलेला ईमेल एवढाच. विषयाच्या ओळीत कोर्स, विद्यार्थी क्रमांक आणि "निबंध १ च्या अभिप्रायाबद्दल". खाली: "तुम्ही वर्णन जास्त आणि विश्लेषण कमी असं लिहिलं आहे. मी जिथे शिकलो तिथे सगळे मुद्दे, व्याख्या आणि आकृत्या आल्या की गुण मिळत. स्वतःचं मत कोणी विचारत नसे. सोबत शीतगृहांवरचा माझा परिच्छेद जोडला आहे. तो ६० च्या वर जायला त्यात नेमकं काय बदलावं? आणि मत मांडायचं ते कुठे आणि कशाच्या आधारावर? तुमच्या भेटीच्या वेळेत दहा मिनिटं आलो तर चालेल का?" गुण कमी का दिले, हे त्यात कुठेही नाही. तसं विचारलं असतं तर बाईंनी नियमांची लिंक पाठवून हात झटकले असते. एकच परिच्छेद पुढे ठेवल्यामुळे त्यांना त्यावर बोट ठेवून बोलता आलं.

निबंधाचा प्रश्न होता: छोट्या शेतकऱ्यांच्या केळीची नासाडी शीतसाखळीने कितपत कमी होईल? चिरंजीवांनी पहिलं पान केळीच्या इतिहासावर घालवलं, दुसरं केळीतल्या पोषक द्रव्यांवर. मग कुठे शीतगृहं आली, तीही अशी: "शीतगृहे उभारल्यास नासाडी कमी होते. शीतगृहांमुळे शेतकऱ्याला चांगला भाव मिळतो. म्हणून शासनाने शीतगृहे उभारावीत." तिन्ही वाक्यांना एकाच अहवालाचा हवाला. बाईंनी भेटीत फक्त "कितपत" या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, "तुझ्या गावात माल खराब होतो तो नक्की कुठे?"

आणि नाना, पोरगं सुटलं! घड कापून बांधावर आणताना लागतो तो मार, ट्रकमध्ये रचताना खालच्या थरावर पडणारा भार, माल भरायला उशीर झाला की उन्हात ताटकळणारी फळं, सगळं सांगितलं. थंडीने पिकणं लांबतं, पण लागलेला मार भरून येत नाही. शिवाय केळी साधारण १३ अंशांच्या खाली गेली की साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही, म्हणजे शीतगृह नीट चालवलं नाही तर तेच नासाडी करतं. आणि दोन एकरवाल्याचा माल एका वेळी एवढा नसतोच की त्याच्यासाठी थंड गाडी दारात यावी. बाई म्हणाल्या, "हे निबंधात का नाही?" हा म्हणाला, "हे पुस्तकात नव्हतं."

मला त्याला रागवावंसं वाटलं नाही. आपल्याकडे तीन तासांत पुरवण्या जोडत लिहायचं आणि तपासणाऱ्यापुढे गठ्ठ्यावर गठ्ठे. त्याला मुद्दे चटकन दिसावेत म्हणून पोरं आकडे घालतात आणि अधोरेखित करतात. तिथे ते शहाणपणच आहे. इथे मात्र २,५०० शब्दांची मर्यादा आणि दहा टक्के इकडेतिकडे. त्यापुढचं बाई वाचतच नाहीत. केळीच्या इतिहासाला जागा दिली की बांधावरच्या माराला उरत नाही.

नवा परिच्छेद त्याने सरावासाठी लिहून पाहिला. शीतसाखळीचा फायदा सांगणारा अहवाल एका बाजूला, हाताळणीतल्या नुकसानीवरचा अभ्यास दुसऱ्या बाजूला. मग त्याचा निष्कर्ष: आधी गादी घातलेले क्रेट आणि बांधाजवळ पॅकहाउस, शीतगृह त्यानंतर, आणि तेही जिथे बऱ्याच जणांचा माल एकत्र येतो तिथेच. म्हणजे मत आहे, पण त्याच्या खाली दोन पाय आहेत. नुसतं "मी केळीवाल्याचा मुलगा आहे, मला माहीत आहे" याला इथे शून्य गुण, हेही बाईंनी हसत सांगितलं.

आता तुमचं काम. पुढच्या निबंधात बांधावरच्या अनुभवाला आधार हवा, आणि जाणकार माणसाने पत्राने कळवलेली माहिती त्याचं नाव आणि तारीख घालून देता येते. म्हणजे नाना, मोठमोठ्या प्राध्यापकांच्या शेजारी तुमचं नाव छापून येणार. तेव्हा या हंगामात माल भरताना किती घड बाजूला काढले, कशामुळे काढले आणि व्यापाऱ्याने क्विंटलमागे किती कापले, हे वहीत तारखेनिशी लिहून त्याचा फोटो पाठवा. "दिल्लीवाले लुटतात" एवढंच लिहू नका. बाई विचारतील, कितपत?

तुमची,
धाकटी

ता. क. वहिनींना सांगा, कळण्याचं पीठ मिळालं. भाकरी मात्र थापताना तुटते.