तफावतीची नम्र सूचना

परस्पर विश्वास हेच आपल्या संस्थेचे खरे भांडवल होय, असे पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापण्याचा प्रघात आहे. आणि त्या विश्वासाचा विमाही उतरवलेला असतो, ही हकीकत मात्र शेवटच्या पानावरील खर्चाच्या यादीत बारीक अक्षरांत दडलेली असते. ‘फिडेलिटी गॅरंटी’ नावाच्या या विम्यात, नोकराने लबाडीने केलेल्या अपहारामुळे मालकाचे जे नुकसान होते, ते ठरीव मर्यादेपर्यंत भरून देण्याचे विमा कंपनी कबूल करते. हप्ता दरसाल बिनबोभाट भरला जातो, पॉलिसी दप्तरात जाते, आणि तिच्या मागील बाजूच्या अटी वाचण्याचा प्रसंग संचालक मंडळावर येतो तो बहुधा त्या मोडून झाल्यानंतरच.

तालुक्याच्या गावच्या अशाच एका संस्थेची कल्पना वाचकांनी करावी. लेखापरीक्षक सकाळी अवचित आले आणि त्यांनी चहाच्या आधी रोकड मोजण्याचा अशिष्टपणा केला. रोजकीर्दीप्रमाणे हातशिल्लक ७,४२,००० रुपये होती. तिजोरीत निघाले २,५७,०००. पाचशेच्या म्हणून बांधलेल्या पुडक्यांत वरच्या व खालच्या नोटा तेवढ्या पाचशेच्या असून मधला भाग शंभराच्या नोटांनी भरून काढला होता. तूट ४,८५,००० रुपयांची. शिवाय एका पाकिटात १,२०,००० रुपयांची चिठ्ठी निघाली. तिच्यावर ‘साहेबांकडे तसलमात’ एवढाच मजकूर असून खाली अध्यक्षांच्या पुतण्याची सही होती. त्या तसलमातीचा रोजकीर्दीत मागमूसही नव्हता.

त्याच संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा भरली. रोखपाल गेली कित्येक वर्षे मंडळाच्या सत्यनारायणाचा प्रसाद वाटत आलेला, सबब ‘अपहार’ हा कठोर शब्द इतिवृत्तात येऊ नये, यावर सर्वांचे एकमत झाले. रोखपालाकडून स्टँपपेपरवर हप्त्याहप्त्याने पैसे भरण्याची कबुली लिहून घेण्यात आली, तिच्या मोबदल्यात फिर्याद न करण्याचा शब्द देण्यात आला, आणि त्याने ८५,००० रुपये भरताच त्याच्या सचोटीची एवढी खात्री पटली की तिजोरीची किल्ली त्याच्याकडेच राहू देण्यात आली. पुढील महिन्यात आणखी ६०,००० रुपये नाहीसे झाले व त्यांच्यापाठोपाठ रोखपालही. तेव्हा कोठे दप्तरातील पॉलिसीचे स्मरण झाले आणि ४३व्या दिवशी विमा कंपनीस पत्र रवाना झाले: ‘महोदय, आमचेकडील रोकडीत काही तफावत दिसून येत असून संबंधित सेवकाचे हातून अनवधानाने चूक झाली असण्याची शक्यता आहे. तरी विम्याची रक्कम कृपया त्वरित अदा व्हावी, ही नम्र विनंती.’

या पत्रातील सौजन्य अनुकरणीय असले तरी त्यातील तर्कशास्त्र आत्मघातकी आहे. विमा तुटीचा नसून लबाडीचा आहे. रोखपालाने गर्दीच्या वेळी चुकून एखाद्यास जादा पैसे दिले तरी तूट येते, पावती लिहिण्यात शून्य राहिले तरी तूट येते. त्यांतील कोणतीही तूट या पॉलिसीच्या कक्षेत बसत नाही. अमुक सेवकाने, अमुक मुदतीत, अमुक रीतीने, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बेकायदा लाभासाठी रक्कम लाटली, हे दाखविण्याचा भार मालकावर असतो. पुडक्यांच्या पोटात दडवलेले शंभर रुपये हा त्याचा उत्तम पुरावा होता. कारण चूक करणारा मनुष्य चुकीवर पाचशेची नोट झाकण म्हणून ठेवीत नाही. नेमका तोच तपशील पत्रात नव्हता, कारण तो लिहिल्याने सेवकाच्या भावना दुखावल्या असत्या.

कंपनीने पाठविलेले सर्व्हेअर सौजन्याच्या बाबतीत अगदीच कच्चे निघाले. प्रस्तावपत्रात संस्थेने लिहून दिले होते की तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन व्यक्तींच्या ताब्यात असतात आणि व्यवस्थापक रोज नाणेवारी तपासून सही करतात. नाणेवारीच्या वहीवर सह्या खरोखरच रोजच्या होत्या. व्यवस्थापक सहकुटुंब तिरुपतीस गेले होते त्या आठवड्याच्याही होत्या. दुसरी किल्ली रोखपालाच्याच खणात, पहिलीच्या शेजारी, एकाच कड्यात सापडली. ज्या तपासणीपद्धतीच्या भरवशावर कंपनीने जोखीम पत्करली, ती पद्धत केवळ शाईची होती, एवढीच नोंद सर्व्हेअरांनी केली. परंतु दावा नाकारण्यास एवढे कारण पुष्कळ असते.

तरीही क्षणभर असे धरू की कंपनीने उदार होऊन या गोष्टीकडे काणाडोळा केला. ४,८५,००० मधून पुतण्याचे १,२०,००० प्रथम वजा होतील, कारण पुतण्याच्या सहीने गेलेली रक्कम रोखपालाच्या माथी मारता येत नाही. उरलेल्या ३,६५,००० मधून वसूल झालेले ८५,००० जातील, आणि रोखपालाचा थकलेला पगार व सुरक्षा ठेव मिळून संस्थेकडे असलेले ४०,००० जातील. कारण त्याची जी रक्कम मालकाच्या हाती आहे, ती आधी नुकसानीकडे वळवावी लागते. राहिले २,४०,०००. पॉलिसीत प्रत्येक सेवकामागे मर्यादा २,००,००० ची आहे. मागाहून गेलेले ६०,००० तर हिशेबातच नाहीत. कारण लबाडी उघडकीस आल्याच्या क्षणापासून त्या सेवकापुरते विम्याचे छत्र मिटते. आणि जे दोन लाख पदरी पडू शकले असते, त्यांच्याही वाटेत तो स्टँपपेपर आडवा आला. विमा कंपनी भरपाई देते ती मालकाचे हक्क आपल्याकडे येतील व अपराध्याकडून वसुली करता येईल या हिशेबाने. तिच्या संमतीवाचून हप्ते ठरवून फिर्याद सोडून देणारा मालक दुसऱ्याच्या वतीने औदार्य करीत असतो.

खरे पाहता योग्य सूचनेस अर्धे पान पुरे होते, आणि ते लेखापरीक्षक तिजोरीजवळून उठण्यापूर्वीच लिहिता आले असते: पॉलिसीचा क्रमांक, तूट उघडकीस आल्याची तारीख व वेळ, सेवकाचे नाव व हुद्दा, आढळलेली लबाडीची रीत, रकमेचा तात्पुरता अंदाज, सेवकास रोकडीपासून दूर केल्याची नोंद आणि फिर्यादीची स्थिती. आकडा अंतिम होण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. सविस्तर दावा मागाहून ठरीव मुदतीत देता येतो, पण पहिली खबर तत्काळ द्यावी लागते. फिर्याद टाळूनही ती टळत नाही. नोकराने केलेला विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली शिक्षेस पात्र आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ प्रमाणे लेखापरीक्षकास अशा गुन्ह्याचा विशेष अहवाल निबंधकांकडे धाडावाच लागतो. म्हणजे मंडळाने ज्या शब्दास इतिवृत्तात मज्जाव केला, तो सरकारी दप्तरात राजरोस जाऊन बसणारच होता. फरक एवढाच, की तो आधी जाता तर कदाचित बरोबर दोन लाख रुपये घेऊन आला असता.

मंडळाने मात्र कंपनीच्या नकारपत्राचा तीव्र निषेध करणारा ठराव एकमताने संमत केला असून, नुकसान सभासदांच्या लाभांशातून भरून काढण्याचा समंजस निर्णय घेतला आहे. तेव्हा, वाचकहो, आपण कोणत्याही पतसंस्थेचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत अल्पोपाहाराच्या आधी उभे राहून एवढेच विचारावे: तिजोरीची दुसरी किल्ली या क्षणी कोणाच्या खिशात आहे?