टिंब तपासणारे काका

मनामातल्या मराठी मंडळींत असा एक काका हमखास सापडतो. गुदैबियाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याची निम्मी हयात गेलेली असते. अरबी तो शिकलेला असतो गोदामाच्या पावत्या आणि दुकानांच्या पाट्या वाचत. अर्थ विचाराल तर हात वर, पण अक्षर नजरेतून सुटत नाही. त्यामुळे सुट्टीवर जाऊन अरबीत टॅटू काढून घेणारी पोरं आधी काकांना फोटो पाठवतात.

परवाचा फोटो गोव्याहून आला. वरच्या ओळीत ‘हुब्ब’, म्हणजे प्रेम, आणि खाली होणाऱ्या बायकोचं नाव, पूर्वा. “काका, बरोबर आहे ना? चार वाजता सुई लागतेय.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो ताणून मोठा केला आणि विचारलं, “ही अफरूब कोण?”

घोळ नेहमीचाच होता. टॅटूवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अरबीची सोय नसली, की उजवीकडून डावीकडे जोडून लिहायची अक्षरं ते सुटी करून उलट्या क्रमाने मांडतं. पण सुटं दिसलं ते सगळंच चूक, असंही नाही. वाव, रा, अलिफ धरून सहा अक्षरं डावीकडच्या शेजाऱ्याला कधीच चिकटत नाहीत. म्हणून या नावात वाव आणि रा यांच्यापुढे फट हवीच. मात्र पहिलं अक्षर वावला आणि ‘फा’ शेवटच्या अलिफला जोडलेलं हवं.

दुसरा फोटो आला. जोडणी ठीक, पण ‘हुब्ब’च्या पहिल्या अक्षराच्या पोटात एक ठिपका होता. तो डिझाइनचा की कागदावरच्या धुळीचा? काकांनी मूळ फाइल मागवली. तो ठिपका गोंदला गेला असता तर हुब्बचा ‘जुब्ब’ झाला असता, म्हणजे खोल खड्डा. लग्न ठरलेल्या माणसाला हा फरक कळायला थोडा वेळ लागतो, असं काकांचं मत.

मग त्यांनी ऑफिसातल्या बहरैनी हिशेबनिसाला नाव वाचायला दिलं. त्याने वाचलं “बूर्फा”, आणि विचारलं, “हे औषध कशावरचं?” अरबी वर्णमालेत प नाही, व्ह पण नाही, पेप्सीच्या बाटलीवरही तिथे ‘बीबसी’च लिहिलेलं असतं. तीन टिंबांची उसनी अक्षरं वापरता येतात, पण मग टिंबं सांभाळायची सहा.

डेव्हिड बेकहॅमने २००० साली हातावर देवनागरीत बायकोचं नाव गोंदवलं, तेव्हा त्यात एक ‘ह’ जास्त आहे म्हणून इंग्रजी पत्रं हसली होती. “व्हिक्टोरियात ह नाही तर काय घालणार? गड्याने मराठीच लिहिलं होतं!” काका आजही त्याची बाजू घेऊन भांडतात.

पोरगं कंटाळलं. “जाऊ दे काका, देवनागरीतच काढतो.”

दहा मिनिटांत तिसरा फोटो आला. त्यावर लिहिलं होतं, ‘पुर्वा’.