नवस आणि घंटा

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला या सदराच्या फॉलोअरांचा आकडा हजारावर गेला. रविवारी सकाळी चहा घेताना पाहिलं, तर ९९८. रात्रीत दोघं उतरून गेले होते. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरायचं म्हटलं तर पब्लिक माणसाला दारापर्यंत येऊ देत नाही. इथं मात्र कुणी कुणाला अडवत नाही. मंगळवारी आकडा १००३ झाला आणि मग तिथंच जरा टेकला.

शेजारच्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हजार? मग फ्लेक्स लाव." वसई-विरारमध्ये कुठल्याही आनंदाचं पहिलं औषध फ्लेक्स हेच असतं. मी म्हटलं, काका, जरा हिशेब करू. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. म्हणजे तेव्हाच्या गर्दीतही बाराशे माणसांमागे एक माणूस माझा. आता गर्दी वाढली आहे, तेव्हा माझा वाटा आणखी घटला असणार. संध्याकाळच्या एका बारा डब्यांच्या लोकलमध्ये याच्या कितीतरी पट माणसं लोंबकळत येतात, आणि मोटरमन त्याबद्दल कधी फ्लेक्स लावत नाही.

काका म्हणाले, "ते खरं. पण लोक आले, तर आभार तरी मानशील की नाही?"

इथं मी अडलो. आभार मानायचेच होते. पण कागद पुढे ओढला आणि कळलं, की आपल्याकडे आभार मानण्याचं काम गेली कित्येक वर्षं शेवटच्या वक्त्याकडे दिलेलं आहे. लोक खुर्च्या सरकवून चपला शोधत असतात, तेव्हा तो माइकवाले, मंडपवाले आणि 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' यांच्यावरून हात फिरवत असतो. त्याची वाक्यं आपल्या सगळ्यांच्या जिभेवर तयार असतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात ती जशीच्या तशी उतरली:

"आज आपल्या सदरानं हजारांचा टप्पा पार केला. हे यश माझं नसून तुमचं आहे. आभार मानून मी तुम्हाला परकं करणार नाही, तुमच्या ऋणातच राहू इच्छितो. असंच प्रेम राहू द्या. आता लक्ष्य पाच हजार!"

बायकोनं वाचलं आणि विचारलं, "यात आभार कुठे आहेत?"

शोधले. खरंच नव्हते. पहिल्या वाक्यात फ्लेक्स होता. दुसऱ्यात तोच फ्लेक्स, फक्त मान खाली घालून काढलेला फोटो लावून. 'यश माझं नसून तुमचं' म्हणताना ते यश आहे हे माणूस आधी मंजूर करून घेतो, आणि मग वाटायला निघतो. चौथ्या वाक्यात हात पसरलेला होता, पाचव्यात दोन्ही हात. आणि मधलं ते 'ऋणातच राहू इच्छितो' तर कमालच! बँकेत जाऊन असं म्हणून पाहा. घेतलेलं परत करणार नाही, हे इतक्या गोड शब्दांत सांगायची सोय फक्त आभारप्रदर्शनातच आहे.

या वाक्यावर मला आपल्याच भागातली एक गोष्ट आठवली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, की किल्ला हाती आला तर तुझं देऊळ बांधीन, असं परंपरा सांगते. १७३९च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. आता अप्पांना आमच्यासारखं भाषण येत असतं, तर ते म्हणाले असते, "देवी, हे यश माझं नसून तुझं आहे. मी तुझ्या ऋणातच राहू इच्छितो." आणि देऊळ झालं नसतं. पण देऊळ झालं. विरारहून तीसेक किलोमीटरवर, आजही उभं आहे. खालून ५२ पायऱ्या चढून जावं लागतं, आणि पुढचा नगारखाना वसईच्या किल्ल्याच्या दरवाजाच्या धर्तीवर बांधला आहे असं सांगतात.

नवस फेडण्याची रीत पाहिली की आभाराचं सगळं व्याकरण त्यात सापडतं. जे बोललो तेच द्यायचं. नारळ बोललो असू तर नारळ, देऊळ बोललो असू तर देऊळ. किती मोठं संकट टळलं याची जाहिरात करायची नाही, कारण देवीला ते ठाऊक असतं. आणि मुख्य म्हणजे, फेडायला गेलेला माणूस त्याच नारळावर पुढची मागणी करत नाही. मागायचंच असेल तर तो नवा नवस, त्याचा नारळ वेगळा.

त्याच विजयाची दुसरी आठवणही आहे, आणि ती नेमकी उलटी आहे. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. सगळ्यात प्रसिद्ध मात्र नाशकात, गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे, १७२१ साली ओतलेली. तिचा आवाज इतका खणखणीत, की मोठ्या आवाजात सतत बोलणाऱ्याला लोक 'नारोशंकराची घंटा' म्हणू लागले. म्हणजे बघा, एकाच किल्ल्यातून दोन गोष्टी निघाल्या: एक फेडलेला नवस आणि एक घंटा. नवसाचं देऊळ मुकाट उभं आहे, आणि घंटेचं नाव बडबड्या माणसाला चिकटलं आहे. हजार फॉलोअर झाल्यावर माणसापुढे हेच दोन रस्ते असतात. बहुतेक जण नवस फेडायला म्हणून निघतात आणि घंटा वाजवून परत येतात.

आपण नक्की काय केलं हे ओळखायच्या तीन खुणा मला त्या खर्ड्यावरूनच सापडल्या.

पहिली, आकडा खोडून वाचायचं. 'हजार' शब्द काढल्यावर मजकुरात काही उरलं नाही, तर तो मजकूर आकड्यासाठीच लिहिला होता. शिवाय हा आकडा नवससायासाचा असला तरी भरवशाचा नाही. मी शनिवारी रात्रीच आभार छापले असते, तर रविवारी सकाळी ते दोन माणसांनी खोटे पाडले असते.

दुसरी, शेवटचं क्रियापद बघायचं. 'करा', 'द्या', 'राहू द्या', 'पोहोचवा' असं आज्ञार्थी रूप आलं की समजावं, हे आभार नव्हेत, वर्गणीची पावती आहे. 'असंच प्रेम राहू द्या' हे फार सोज्वळ दिसतं, पण व्याकरणात ते 'अजून द्या'च आहे.

तिसरी खूण सगळ्यात अवघड. मजकूर एखाद्या एकाच वाचकापुढे धरायचा आणि विचारायचं, यात याचं काही आहे का? 'माझ्या तमाम वाचकांनो' म्हटलं की त्यात कुणीच नसतं. आणि कुणाचे आभार मानायचे हे आठवत नसेल, तर आकडा हजार असो की लाख, ती फक्त फलाटावरची गर्दी. तिथं ओळखीचं कुणी नाही.

या तिसऱ्या खुणेनं मला कोपऱ्यात गाठलं. मला वाचक आठवले, पण ते सगळे माझ्या चुकांच्या निमित्तानं आठवले. सदर सुरू करताना मी एक गोष्ट बोललो होतो: चूक दाखवाल, तर ती इथंच, याच जागी दुरुस्त करीन. हा माझा नवस. तो मी किती फेडला ते तपासलं.

एकदा मी वसईचा किल्ला बाजीरावांनी घेतला असं लिहून टाकलं. निर्मळहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ते चिडले नाहीत, फक्त "अप्पांना जरा बसायला जागा द्या" म्हणाले. पुढच्याच आठवड्यात दिली. दुसऱ्यांदा मी सवयीनं वसईला ठाणे जिल्ह्यात टाकलं. १ ऑगस्ट २०१४पासून आपण पालघर जिल्ह्यात आहोत, हे नालासोपाऱ्याच्या एका कॉलेजच्या मुलीनं कळवलं, आणि खाली लिहिलं, "सर, तेव्हा मी चौथीत होते, तरी मला लक्षात आहे." तीही दुरुस्ती छापली, मुलीचा टोमणा सोडून.

तिसरी मात्र राहिली. सुकेळ्यांवर लिहिताना मी म्हटलं होतं, की पिकलेली कुठलीही केळी वाळवली की सुकेळी होतात. आगाशीच्या एका आजींनी नातवाकरवी निरोप धाडला, की बाबा, असं लिहून लोकांची केळी फुकट घालवू नकोस. मी निरोप वाचला, 'हो आजी' असं कळवलं, आणि पुढच्या आठवड्यात मजेत खड्ड्यांवर लिहिलं. दुरुस्ती छापलीच नाही. कारण अगदी साधं. तो लेख खूप लोकांना आवडला होता, आणि त्याच आठवड्यात आकडा सगळ्यात जोरात वाढला होता. चुकीच्या लेखानं मला वाचक मिळवून दिले, आणि मी ते ठेवून घेतले.

तेव्हा हजारांचे आभार म्हणून माझ्याकडे द्यायला एवढंच आहे, आणि तेही उशिरा आलेलं.

दुरुस्ती: सुकेळी राजेळी केळ्यांचीच करतात. हे केळं लांब, जाड आणि घट्ट गराचं असतं, म्हणून वाळल्यावरही त्याला अंग राहतं. साधं पातळ गराचं केळं उन्हात ठेवलं तर ते पाणी सोडून चिकट होतं, किंवा नुसतं वातड. केळी पूर्ण पिकू द्यायची, साल काढायची आणि कडक उन्हात रोज उलटून आठवडाभर वाळवायची. संध्याकाळी आत घ्यायची, कारण दंव लागलं की बुरशी धरते. आभाळ भरून आलं तर घाई करायची नाही, त्या खेपेचा नाद सोडायचा. नीट झालेलं सुकेळं बाहेरून गडद आणि आतून मधासारखं मऊ असतं. ते केळीच्या वाळक्या पानात बांधून ठेवतात. मी यातलं काहीही लिहिलं नव्हतं. आगाशीच्या आजी, चूक माझी.

काकांनी हे वाचलं आणि म्हणाले, "अरे, यात हजार कुठे आहेत?"

मी म्हटलं, "आहेत ना. त्यांच्यातल्या ज्यांनी केळी फुकट घालवली असतील, ते सगळे यात आहेत."

"आणि ते दोघं? शनिवारी रात्री उतरले ते?"

त्या दोघांचा मी बराच विचार केला. हजार माणसं चढली तेव्हा एकाचंही तोंड मी नीट पाहिलं नव्हतं. दोघं उतरले, तेव्हा मात्र मी चहा टाकून खिडकीतून डोकावलो. बहुधा त्यांनीही केळी वाळवून पाहिली असतील.