ठीकठाक जेवणाचा रिव्ह्यू: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

लागणारे साहित्य: एक सुरमई थाळी, एक मोबाइल आणि लॉजवरची रिकामी रात्र.

मासा शिळा निघाला किंवा न सांगितलेले पैसे बिलात लागले, तर ही मार्गदर्शिका मिटा आणि बेलाशक लिहा. जेवण अप्रतिम असेल तरी लिहा. आपला विषय आहे 'तसं ठीक होतं' म्हणत हात पुसायला लावणारं जेवण.

मालवणकडची एक घरगुती खानावळ धरून चालू. पडवीत चार टेबलं, आत काकू, बाहेर वाढायला त्यांचा मुलगा. सुरमई ताजी, पण तुकडा पातळ. भाकरी गरम, सोलकढी पाणचट, बिल वाजवी. गूगल मॅप्सवर खानावळीचे आठ रिव्ह्यू, सरासरी ४.५. तुमच्या मनात तीन तारे आहेत.

पायरी पहिली: हिशेब करा. आठ जणांचे मिळून ३६ तारे. तुमचे तीन मिळवून ३९, भागिले नऊ, म्हणजे ४.३. सरासरी पुन्हा बरोबर ४.५ व्हायला पाच-पाच तारे देणारी तीन गिऱ्हाइकं लागतील, आणि तृप्त होऊन जेवलेला माणूस सहसा बडीशेप चघळत गाडीत बसतो, लिहीत बसत नाही. हेच तीन तारे दोन हजार रिव्ह्यू असलेल्या हॉटेलला द्या, तिथे ४.५ चे ४.५ च दिसतील. शिवाय तुमच्या हिशेबात पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास. खानावळ शोधणारा मात्र ते नापास म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. जिथे रिव्ह्यू मोजके, तिथे नुसते तीन तारे टाकण्यापेक्षा गप्प बसणं अधिक न्यायाचं, ते यामुळे.

पण लगेच मोबाइल खिशात घालू नका. गप्प बसण्यालाही वजन असतं. २००९ साली नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या अभ्यासकांनी अ‍ॅमेझॉनवरचे शेरे तपासून दाखवलं, की ते बहुतेक पाच ताऱ्यांपाशी गोळा होतात, थोडे एकापाशी, आणि मधली जागा ओस पडलेली असते. त्याचं एक कारण साधं: बरं-वाईट काहीच फारसं न वाटलेला माणूस लिहायची तसदी घेत नाही. सगळे ठीकठाकवाले गप्प राहिले की सामान्य थाळीही ४.८ ची दिसू लागते.

म्हणून पायरी दुसरी: तारे बाजूला ठेवा, आधी वाक्य लिहा. 'जेवण ठीक, सर्व्हिस ठीक, पार्किंग आहे' हे वाक्य चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खानावळीखाली चिकटवता येतं. ते खोडा. 'रविवारी दुपारी तासभर थांबावं लागलं, थाळीत सुरमईचा एकच तुकडा, सोलकढीची दुसरी वाटी वेगळ्या पैशांत' हे ठेवा. दोन हजार रिव्ह्यूंच्या हॉटेलखाली असं वाक्य टाकलं, तर आकडा हलत नाही आणि लहान मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबाचा तास वाचतो. तिथे तीन तारे द्या, कुणाचं काही बिघडत नाही.

पायरी तिसरी वजाबाकीची आहे, आणि नवशिके नेमकी हीच गाळतात. घाटात किती वेळ अडकलात? साडेतीनला पोचून 'गरम आहे ना?' असं विचारलंत का? महिना कोणता होता? जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरणाऱ्याने आधी स्वतःला तारे द्यावेत. हे सगळं वजा करून आमच्या उदाहरणात काय उरतं? पातळ तुकडा आणि पाणचट सोलकढी, तीही एकाच दिवसाची.

एवढ्यासाठी मॅप्स उघडायची गरज नाही. काकूंनी पैसे घेताना 'जेवण कसं झालं?' विचारलं होतं, आणि तुम्ही 'मस्त!' म्हणालात. आपल्याकडे ही रीतच आहे: समोर मस्त, रात्री तीन तारे. त्याऐवजी तिथेच म्हणायचं, 'काकू, भाकरी छान होती. सोलकढी जरा पातळ झाली होती.' नारळाचा दुसरा रस जास्त पडला असेल, तर त्या संध्याकाळी कमी घालतील. किंवा 'आमच्याकडे अशीच करतात' म्हणतील, मग तो तुमच्या आवडीचा प्रश्न झाला.

तरीही बोटं शिवशिवत असतील, तर त्यावर उपाय आहे. मॅप्सवर तारे न देताही फोटो टाकता येतात. भिंतीवरच्या दरपत्रकाचा टाका, वाढलेल्या थाळीचा टाका. तुकडा केवढा ते ज्याचं तो बघेल. खानावळ सोमवारी बंद असते आणि मॅप्सवर उघडी दिसते, तीही दुरुस्ती सुचवा. पुढच्या सोमवारी कणकवलीहून निघालेला कुणीतरी उपाशी परतणार नाही.