पाडव्याचा ताबा

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

खरेदीखत जूनमध्ये झालं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आपण दोघांनी अंगठे टेकवले, फोटो काढले आणि बँकेचा डीडी तुम्ही शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. 'सामान हलवायला पंधरा दिवस द्या,' असं तुम्ही जिना उतरताना म्हणालात. मी 'चालेल की' म्हटलं. कागदावर काही घेतलं नाही, हा माझा गाढवपणा.

मग आषाढ लागला आणि आषाढात घर बदलत नाहीत, हे मला कळलं. श्रावणात काकूंचा सत्यनारायण होता. भाद्रपदात गणपती 'याच कोनाड्यात' बसतो. पितृपक्षाचं तर बोलायलाच नको, आणि नंतर घट बसले. पंचांगात भाडेकरूला सोयीचे इतके दिवस असतात, हे दाते पंचांग घेऊनही मला दिसलं नव्हतं.

चुकलो, 'भाडेकरू' म्हणायचं नाही. तुम्ही मोठ्या मनानं 'महिना दहा हजार भाडं घे' म्हणालात, तेव्हा माझी बायको खूश झाली आणि वकील किंचाळले. भाडं म्हणून एकदा पैसे घेतले, की उद्या तुम्ही भाडेकरू असल्याचा दावा करायला मोकळे. तेव्हा घेईन ती वापराची भरपाई, तीही तसं लिहून घेऊनच.

खरी मौज खरेदीखताच्या सातव्या पानावर आहे. 'मिळकतीचा प्रत्यक्ष, खुला व शांततामय ताबा आज रोजी दिला.' या वाक्याखाली तुमची सही आहे. म्हणजे कागदोपत्री मी जूनपासून त्या घरात शांततेत राहतोय. फक्त रात्री झोपायला भाड्याच्या खोलीत जातो. कर्जाचा हप्ता 38,000, खोलीचं भाडं 16,000.

1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 55 आहे. खरेदीदारानं मागितला की विक्रेत्यानं ताबा द्यायचा, असं ते सांगतं. तर मागतोय.

बुधवार, 22 ऑक्टोबर, सकाळी 11. बलिप्रतिपदा आहे, साडेतीन मुहूर्तांतली. बळीराजानं त्रैलोक्य सोडलं होतं. तुम्हाला 2 बीएचके सोडायचाय. घर रिकामं हवं, माळ्यावरचे पितळी हंडेही हलवून. तीन किल्ल्या, वीजमीटरचा त्या दिवशीचा आकडा आणि त्या दिवसापर्यंतची बिलं भरल्याच्या पावत्या आणा. ताबापावतीवर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या होतील. त्या दिवशी झालं नाही, तर 23 तारखेला वकिलांची नोटीस येईल आणि मग ताब्याचा दावा. तो किती वर्षं चालतो, हे आपल्या दोघांच्याही वयाला परवडणारं नाही.

आपला,
(कागदोपत्री) घरमालक

ता. क. : हे पत्र टाकायला निघालो आणि तुमचा निरोप आला. 'मोरीचा नळ गळतोय, प्लंबर पाठव. घर तुझं आहे ना?'