एंडोर्समेंट न वाचता फायलीत लावणाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
अमरावती व अकोला येथील समस्त पॉलिसीधारक,

विमा कंपनीकडून आलेली एंडोर्समेंट, म्हणजे मूळ पॉलिसीतील बदल नोंदवणारी आणि त्या पॉलिसीचाच भाग ठरणारी पुरवणी, न वाचता फायलीत लावण्याची जी शिस्त वऱ्हाडाने जपली आहे, तिचा यथोचित गौरव व्हावा एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

समजा, अमरावतीच्या एका शिक्षकाने लग्नापूर्वी जीवन विमा घेताना वडिलांना नॉमिनी केले आणि पुढे अकोल्यास बदली झाल्यावर, ३ जून रोजी, नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव आणि नवा पत्ता नोंदवण्यासाठी एकत्रच अर्ज दिला. २० जूनच्या एंडोर्समेंटवर पॉलिसी क्रमांक बरोबर आहे, अकोल्याचा पत्ता बिनचूक आहे, आणि खाली ‘इतर सर्व नोंदी पूर्ववत’ असे एक नम्र वाक्य आहे. वडील याच वाक्यात नॉमिनी म्हणून कायम आहेत. परंतु शिक्का पाहून समाधान पावण्याची परंपरा असल्यामुळे तेथवर नजर पोहोचत नाही.

विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ३९ नुसार नॉमिनी बदलल्याची लेखी सूचना कंपनीला मिळालेली नसेल, तर जुन्या नोंदीप्रमाणे सद्भावनेने केलेल्या प्रदानाबद्दल कंपनी जबाबदार राहत नाही. म्हणून ३ जूनच्या अर्जाची पोच, म्हणजे तो कार्यालयास मिळाल्याची तारखेसह सही, एंडोर्समेंटइतकीच मोलाची ठरते; ती अर्थातच वाणसामानाच्या यादीसाठी वापरून झालेली असते. २०१५ च्या सुधारणेनंतर आई-वडील, पती-पत्नी व मुले यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास ती व्यक्ती सामान्यतः विमा रकमेची लाभार्थीही ठरते, त्यामुळे ही चूक केवळ धनादेशावरील नावापुरती उरत नाही.

पत्त्याच्या बाबतीत जीवन विम्याचे फारसे अडत नाही, फक्त हप्त्याच्या सूचना भलत्या दारी जातात. दुकानाच्या आग विम्यात मात्र पत्रव्यवहाराचा पत्ता आणि जोखमीचे ठिकाण, म्हणजे विमा उतरवलेला माल जेथे आहे ती जागा, या दोन स्वतंत्र नोंदी असतात. कापसाच्या गाठी अकोल्याच्या गोदामात हलवून केवळ पहिली नोंद बदलणाऱ्या व्यापाऱ्यास कंपनीची पत्रे नव्या पत्त्यावर वेळेवर मिळतील, दावा नाकारल्याचे पत्रसुद्धा. दुसरी नोंद बदलली असली तरी कागद दिल्याची तारीख आणि ‘या तारखेपासून लागू’ असलेली तारीख वेगळी असू शकते, आणि आगीच्या दिवशी ही दुसरीच तारीख पाहिली जाते.

तरी सदर पॉलिसीधारकांनी आपल्या अर्जाची प्रत एंडोर्समेंटशेजारी ठेवून नोंद न् नोंद पडताळावी आणि एखादी सुटली असल्यास त्याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्यावी, ही विनंती.